बोलणं मराठीत, लिहिणं दोन्हींत

प्रश्न : मी साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीसोबत यूट्यूबवर पारंपरिक पदार्थांचं चॅनेल चालवते. बाबा म्हणतात इंग्रजीत कर, परदेशातले लोक बघतील. मैत्रिणी म्हणतात मिक्स भाषा चालते. यातच करिअर करायचंय. काय करू?

उत्तर : आजींना मराठीतच बोलू दे. इंग्रजीत गेलीस तर भारतातल्या शेकडो इंग्रजी आणि हिंदी चॅनेलांशी स्पर्धा, आणि आजींचं बोलणं हे तुझं वेगळेपणच जाईल. परदेशातल्या प्रेक्षकांचं बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, अमेरिकेतल्या प्रेक्षकांमागे जाहिरातीचे पैसे जास्त मिळतात. पण तिथले कोण बघणार, ते आधी पाहू.

तिकडे वाढलेल्या मराठी मुलांना घरातलं मराठी बऱ्यापैकी कळतं, देवनागरी मात्र अनेकांना वाचता येत नाही. त्यांचे अमराठी जोडीदार तर दोन्हींत अडतात. म्हणजे अडचण आवाजाची कमी, अक्षरांची जास्त. म्हणून आवाज मराठी ठेव आणि इंग्रजी सबटायटल स्वतः लिही. आपोआप तयार होणाऱ्यांवर विसंबू नकोस. पदार्थांची नावं आणि आजींचे सातारी शब्द तिथे हमखास चुकतात.

उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ घे. शीर्षक लिही ‘उकडीचे मोदक | Ukadiche Modak’, कारण साताऱ्यातलेही कितीतरी जण रोमन अक्षरांतच शोधतात. आजी म्हणतील, “एक वाटी पिठी, तेवढंच पाणी.” न्यू जर्सीतल्या मुलीकडे ती वाटी नाही, म्हणून सबटायटलमध्ये वाटीचं माप मिलिलिटरमध्ये दे. ओला नारळ मिळत नसेल तर फ्रोझन किसलेलं खोबरं चालतं, पण आधी पूर्ण वितळवून पाणी आटवायचं, नाहीतर सारण सैल होऊन मोदक फुटतो. हे वाक्य व्हिडिओखालच्या माहितीत इंग्रजीतही हवं. सबटायटल एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. वाचण्यात गुंतलेल्याला आजींचे हात दिसत नाहीत.

मिक्स भाषेला माझा विरोध नाही. मिक्सर, गॅस, फ्रीज हे मराठीच झालेत. पण अर्धं वाक्य मराठी, अर्धं इंग्रजी असं ठरवून बोललीस तर इंग्रजीवाल्याला निम्मं कळत नाही आणि गावाकडच्या काकूंना ते परकं वाटतं.

आठ-दहा व्हिडिओ असे कर. मग यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये दोन गोष्टी बघ : कुठल्या देशांतून बघतात, आणि कुठल्या भाषेचे सबटायटल लावून बघतात. परदेशातून बघणारे आहेत पण इंग्रजी सबटायटल फारसं कुणी लावत नाही, असं दिसलं तर ती बहुधा इथून तिकडे गेलेली पहिली पिढी आहे. तिला मराठीच पुरते. बरेच जण लावत असतील, तर त्यांच्यासाठी महिन्याला एक छोटा इंग्रजी व्हिडिओ तुझ्या आवाजात करून बघ. त्यावर लोक किती वेळ टिकतात ते पाहून पुढचं ठरव.

पदवी मात्र पूर्ण कर. सबटायटल आणि अनुवादाचं काम बाहेरही मिळतं, त्यामुळे या सबटायटलच्या फाइल जपून ठेव. काम मागायला जाशील तेव्हा त्याच नमुना म्हणून दाखवता येतील.