रेकॉर्ड केलेल्या वन-टू-वनच्या नोंदी: कबूल केलेली मदत कुठं हरवते

प्रश्न: "शिरोलीत फाउंड्रीत आहे. टीममधल्या प्रत्येकाशी पंधरा दिवसांनी वन-टू-वन होते, त्याला विचारून रेकॉर्डही करतो. पण ऑडिओ नुसता साठतोय. पुढच्या वेळी बसलो की मागं काय ठरलं होतं तेच सापडत नाही. नोंदी कशा ठेवता?"

प्रत्येक माणसाची एकच फाइल ठेवा, नवी नोंद सगळ्यात वर. मीटिंगगणिक वेगळी फाइल केलीत की चार महिन्यांनी ऑडिओसारखाच तिचाही ढीग होतो. नोंद त्याच दिवशी लिहा. आणि ऐकताना शेवटची दहा मिनिटं आधी ऐका. लक्ष्यांचं बोलणं सुरुवातीला, सावकाश होतं, ते तसंही लक्षात राहतं. मदतीचं आश्वासन मात्र उठता उठता, दुसऱ्याच वाक्याच्या पोटात येतं: "ते मीटरचं बोलतो मी पर्चेसशी, तू आधी सेकंड शिफ्टची वाळू सांभाळ." ऐकणाऱ्याच्या ध्यानात वाळू राहते आणि मीटर जातं.

हेच उदाहरण पुढं नेतो. समजा, पंप हाउसिंगच्या कास्टिंगला ब्लोहोल येतायत, रिजेक्शन ६ टक्के. सप्टेंबरअखेर ते ४ वर आणायचं, हे इंजिनिअरचं लक्ष्य. वाळूत ओलावा जास्त झाला की ओतताना वाफ धरते आणि ब्लोहोल होतात, हे दोघांनाही माहीत आहे. पण ओलावा मोजायचं मीटर फर्स्ट शिफ्टच्या लॅबमध्ये कुलपात. सेकंड शिफ्टला वाळू मुठीत दाबून अंदाज घ्यायचा. मग नोंद अशी:

१२ जून
लक्ष्य: पंप हाउसिंग, ब्लोहोल रिजेक्शन ६ वरून ४ टक्के, सप्टेंबरअखेर.
मदत (मॅनेजर): सेकंड शिफ्टला ओलावा मीटर. पर्चेसला मागणी २० जूनपर्यंत. लक्ष्य यावर अवलंबून. ऑडिओ २६:४०.

यातलं "लक्ष्य यावर अवलंबून" हे सगळ्यात कामाचं. बहुतेक जण लक्ष्य एका तक्त्यात ठेवतात आणि मदत दुसरीकडं, नाहीतर कुठंच नाही. मग सप्टेंबरात रिजेक्शन ५ टक्क्यांवर अडकलेलं दिसतं आणि मीटर ऑगस्टअखेर आलं हे कुणालाच आठवत नाही. अप्रेझलला मार बसतो तो इंजिनिअरला.

२६ जूनच्या मीटिंगची सुरुवात याच उघड्या ओळीनं करा. मागणी गेली नसेल तर जुनी तारीख खोडू नका, तिच्याच पुढं नवी लिहा: "२० जून, नाही गेली. ५ जुलै." एका ओळीत तीन तारखा झाल्या की मॅनेजरनं खुलाशात न पडता सरळ सांगावं: होणार आहे की नाही. होणार नसेल तर लक्ष्याचा आकडा किंवा मुदत त्याच बैठकीत बदला आणि कारण लिहा.

"बघूया की", "व्हायला पाहिजे" असलं बोलणं मदतीच्या ओळीत घालू नका. त्याला ना धनी, ना तारीख. ते "अजून ठरलं नाही" म्हणून वेगळं टाका आणि पुढच्या वेळी विचारा. अटीवर दिलेला शब्द असेल तर अटही लिहा. "ऑडिट झालं की हेल्पर देतो" यातला "ऑडिट झालं की" गळला, तर पुढं वादाला निमित्त होतं.

फीडबॅकमध्ये मत लिहू नका, घडलेलं लिहा. "जबाबदारीची जाणीव नाही" हे ऑडिओत कुणी बोललेलंच नसतं, लिहिणाऱ्यानं आणलेलं असतं. बोलणं झालेलं असतं ते "सोमवारचा आणि मंगळवारचा शिफ्ट रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला" इतकंच. त्यावर त्यानं दिलेलं उत्तरही तिथंच यायला हवं. आणि त्यानं मॅनेजरला दिलेला फीडबॅक? नोंदी मॅनेजरच लिहितो म्हणून नेमका तोच वगळला जातो. लेखणी आलटूनपालटून धरा: एकदा तुम्ही, एकदा त्यानं. कुणीही लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत नोंद दुसऱ्याकडं जावी आणि त्यानं दुरुस्ती सांगावी. दोघांची आठवण जुळेना तर २६:४० लावून ऐकायचं, आख्खा ऑडिओ नाही.

घरचं बोलणं फाइलीत आणू नका. वडील दवाखान्यात आहेत म्हणून फर्स्ट शिफ्ट मागितली असेल, तर "जुलैअखेर फर्स्ट शिफ्ट, मॅनेजर" एवढंच लिहा, कारण नको. तसलं काही बोलायच्या आधी रेकॉर्डर बंद करायची मुभा त्याला असूदे, आणि ती आहे हे दर वेळी तोंडानं सांगा. साहेबासमोर "नको" म्हणायला माणूस बिचकतोच.

ऑडिओ कायम ठेवायची गरज नाही. नोंद दोघांना मान्य झाली आणि पुढची मीटिंग पार पडली की आधीचा पुसून टाका. वाद मिटला नसेल तेवढाच ठेवा, आणि का ठेवलाय ते त्याला सांगून.