दोन कंपन्यांचा पगार, आणि कर कमी भरल्याची नोटीस

प्रश्न: "ऑगस्ट 2024 पर्यंत हिंजवडीत 60 हजार महिना होता, सप्टेंबरपासून खराडीत 1 लाख 20 हजार. रिटर्न नव्या कंपनीच्या फॉर्म 16 वरून मुदतीत भरलं. आता पोर्टलवर आलंय की AIS मध्ये 3 लाख पगार जास्त दिसतो, कर कमी भरलाय. जुन्या कंपनीने तर टीडीएस कापलाच नव्हता. 'चूक आहे' असं उत्तर देऊ का?"

उत्तर:

'चूक आहे' असं अजिबात कळवू नका. ते 3 लाख तुमचेच आहेत. कर कापलेला नसला तरी कंपनी वर्षअखेरच्या टीडीएस विवरणात, म्हणजे 24Q मध्ये, तुमचा पगार पॅनसकट कळवते. AIS मध्ये, म्हणजे विभागाकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, तो तिथूनच आला.

जुन्या कंपनीचंही काही चुकलेलं नाही. 60 हजारांनी वर्षाचे 7 लाख 20 हजार होतात. त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की उत्पन्न 2024-25 साठीच्या 7 लाखांच्या मर्यादेत येतं आणि कलम 87A च्या सवलतीने कर शून्य होतो. नव्या कंपनीला तुमचा आधीचा पगार माहीतच नव्हता. तिने सात महिन्यांचे 8 लाख 40 हजार धरले, पुन्हा तीच 75 हजारांची वजावट दिली आणि स्लॅब तळापासून लावले. 7 लाख 65 हजारांवर सेससकट 27,560 रुपये कर होतो, तेवढाच कापला. स्लॅब मात्र माणसाच्या पूर्ण वर्षाला लागतात. कंपनी बदलली म्हणून ते पुन्हा शून्यापासून सुरू होत नाहीत.

म्हणून 2024-25 च्या स्लॅबने हिशेब असा मांडा (तुम्ही नव्या करव्यवस्थेत आहात असं धरतो). दोन्ही पगार मिळून 11 लाख 40 हजार, वजावट एकदाच, करपात्र 10 लाख 65 हजार. राहिलेले 3 लाख थेट वरच्या स्लॅबमध्ये जातात: 10 लाखांपर्यंतच्या 2 लाख 35 हजारांवर 10 टक्के, म्हणजे 23,500, आणि वरच्या 65 हजारांवर 15 टक्के, म्हणजे 9,750. 4 टक्के सेस धरून 34,580. पूर्ण वर्षाचा कर 62,140, त्यातून कापलेले 27,560 वजा केले तरी हाच आकडा येतो. तुमचा येत नसेल तर बहुतेक वेळा वजावट दोनदा घेतलेली असते, तिथे आधी बघा.

यावर व्याज आहे. टीडीएस वजा जाता कर 10 हजारांच्या वर राहिला की आगाऊ कर भरायला हवा होता असं कायदा धरतो. कलम 234B खाली एप्रिल 2025 पासून दरमहा 1 टक्का, म्हणजे 345 रुपये. नोव्हेंबरात भरलंत तर आठ महिन्यांचे 2,760. हप्ते चुकल्याचं 234C खालचं व्याज 1,740. एकूण 39,080. महिना उलटला की आणखी 345, कारण महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना मोजतात.

आता पैसे भरताना जपून. e-Pay Tax मध्ये Assessment Year 2025-26 निवडा. पगार 2024-25 चा म्हणून लोक तेच वर्ष टाकतात, मग चलन भलत्याच वर्षाला जमा होतं आणि इकडे थकबाकी तशीच दिसते. प्रकार Self-Assessment Tax (300) घ्या. Tax on Regular Assessment (400) हा विभागाने 143(1) खाली मागणी काढल्यावर वापरायचा. तुम्हाला अजून फक्त तफावत कळवली आहे, मागणी आलेली नाही. तशी आली तर Response to Outstanding Demand मध्ये जाऊन उत्तर द्यायचं, आणि भरायला 30 दिवस मिळतात.

चलनानंतर 139(5) खाली सुधारित रिटर्न भरा. मूळ रिटर्नची पावती क्रमांकासह लागेल. पगारात दोन्ही रकमा, टीडीएसच्या तक्त्यात फक्त 27,560, आणि चलनाचा बीएसआर कोड, तारीख व क्रमांक हाताने तपासून घ्या. यासाठी शेवटची तारीख 31 डिसेंबर 2025 आहे. ती हुकली तर आयटीआर-U, म्हणजे मुदतीनंतरचं अद्ययावत रिटर्न, उरतं, आणि त्यात पहिल्या 12 महिन्यांत भरलं तरी कर आणि व्याज यांवर 25 टक्के जादा द्यावे लागतात. तुमच्या बाबतीत ते दहा हजारांच्या आसपास जाईल, म्हणून उशीर करू नका असं कळकळीने सांगतो.

रिटर्न 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. त्यानंतरच नोटिशीच्या उत्तरात माहिती बरोबर असल्याचं मान्य करून सुधारित रिटर्नचा पावती क्रमांक द्या. नोटिशीत कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळा, 31 डिसेंबरची वाट बघू नका. पुण्यातल्या आयकर कार्यालयात चकरा मारायची गरज नाही. रिटर्नची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रातून होते आणि उत्तर पोर्टलवरच घेतात.

पुढे नोकरी बदललीत तर रुजू होतानाच नव्या कंपनीला फॉर्म 12B भरून द्या. त्यात आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस लिहिला की ती उरलेल्या महिन्यांत दोन्हींचा मिळून कर कापते.