ग्रेडिंग रिंगमधली ‘श्रेणी’ कसली?

प्रश्न : “पॉलिटेक्निकच्या मराठी नोट्समध्ये वाक्य आहे – ‘श्रेणीकरण कडे बसवल्याने वाहकाजवळच्या चकतीवरील ताण कमी होतो.’ यात श्रेणी कसली? ताण म्हणजे तारेच्या वजनाचा का? आणि ग्रेडिंग रिंगला नीट मराठी शब्द कोणता?”

ताणापासून सुरुवात करतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

टॉवरच्या आडव्या हातापासून चिनी मातीच्या चकत्यांची माळ लोंबते आणि तिच्या खालच्या टोकाला तार असते. तारेतली वीज टॉवरच्या लोखंडात जाऊ न देणारा इन्सुलेटर तो हाच. एक चकती हातात घेऊन पाहिली तर वर लोखंडी टोपी, खाली बाहेर आलेली पिन आणि मध्ये दहा इंच व्यासाची बशी दिसते. एकीची पिन दुसरीच्या टोपीत अडकवली की माळ होते. तारेचं वजन या सगळ्या चकत्यांतून सारखंच वर जातं. उलट चकत्यांची स्वतःची वजनं धरली, तर सगळ्यात वरच्या चकतीवर थोडं जास्तच येतं. नोट्समधलं वाक्य मात्र सगळ्यात खालच्या चकतीबद्दल बोलतं. तेव्हा तिथला ताण वजनाचा नव्हे, व्होल्टेजचा आहे. इंग्रजीतला ‘टेन्शन’ हा शब्द दोन्हीकडे चालतो : हाय टेन्शन लाइनमध्ये तो विजेचा असतो आणि टेन्शन इन्सुलेटरमध्ये ओढीचा. मराठीत दोन्हीला ‘ताण’ म्हटलं की विद्यार्थी बुचकळ्यात पडणारच. आपल्याकडे उच्चदाब, लघुदाब हे शब्द वीजबिलापर्यंत रुळलेले आहेत. म्हणून व्होल्टेजला ‘दाब’ आणि ओढीला ‘ताण’ ही वाटणी पाळावी, असं माझं ठाम मत आहे.

आता हा दाब खालच्याच चकतीवर जास्त का येतो? ते कळल्याशिवाय ‘ग्रेडिंग’चा अर्थ लागत नाही.

चकतीची टोपी आणि पिन हे दोन धातू, मध्ये चिनी माती, म्हणजे प्रत्येक चकती एक छोटा कपॅसिटर झाली. सगळ्या चकत्या एकसारख्या असल्या तर दाब समान वाटला जायला हवा. पण चकत्यांमधल्या धातूच्या जोडांसमोर, हवेच्या पलीकडे, टॉवरचं लोखंड उभं असतं. जोड आणि टॉवर मिळूनही एक बारीक कपॅसिटर होतो, आणि प्रत्येक जोडावरून थोडा प्रवाह आडवाटेने टॉवरकडे निघून जातो. शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. वाटेत ठिकठिकाणी पाणी झिरपत असेल तर मुखाशी पाणी सगळ्यात जास्त वाहतं आणि शेपटाला सगळ्यात कमी. इथे मुख म्हणजे तार. तारेलगतच्या चकतीतून स्वतःचा प्रवाह तर जातोच, शिवाय वरच्या सगळ्या जोडांवरून झिरपणारा प्रवाहही तिच्यातूनच जावा लागतो. चकत्यांची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, सारखी, त्यामुळे जिच्यातून प्रवाह जास्त तिच्यावर दाबही जास्त.

33 केव्हीची तीन चकत्यांची माळ घेऊ. जोड आणि टॉवर यांच्यातली धारिता चकतीच्या धारितेच्या एक दशांश आहे असं समजा. वरच्या चकतीवरचा दाब 1 मानला तर तिच्याखालचा जोड टॉवरपेक्षा 1 ने वर आहे, तिथून 0.1 प्रवाह झिरपतो, आणि मधल्या चकतीवर 1.1 येतो. तिच्याखालचा जोड टॉवरपेक्षा 2.1 ने वर, तिथून 0.21 झिरपतो, म्हणून खालच्या चकतीवर 1.31. बेरीज 3.41. ही बेरीज म्हणजे तार आणि जमीन यांच्यातला दाब, 33 या दोन तारांमधल्या दाबाला तीनच्या वर्गमुळाने भागून येणारा 19.05 केव्ही. त्याची वाटणी वरून खाली 5.6, 6.1 आणि 7.3 केव्ही अशी होते. समान वाटणीत प्रत्येकीला 6.35 आले असते. खालची चकती आपल्या वाट्यापेक्षा सुमारे 15 टक्के जास्त सोसते.

मग चकत्या वाढवाव्यात, असं कुणालाही वाटेल. हाच हिशेब पुढे नेऊन पाहा. तीन चकत्यांत खालचीचा वाटा 38.4 टक्के, चार केल्या की 32.6, पाच केल्या की 29.9. प्रत्येक नव्या चकतीचा फायदा झपाट्याने घटतो, आणि एक दशांशाच्या या गृहीतकात कितीही चकत्या लावल्या तरी खालचीचा वाटा 27 टक्क्यांच्या खाली उतरतच नाही. नऊ चकत्यांच्या माळेतच तो जवळजवळ तिथे जाऊन टेकतो. प्रत्यक्षात तार आणि जोड यांच्यातही थोडी धारिता असते, त्यामुळे चित्र इतकं वाईट नसतं, पण कल हाच राहतो. वर जोडलेली चकती वरच्यांचा भार वाटून घेते, खालचीच्या फार उपयोगी पडत नाही.

जाता जाता, याच प्रकरणात ‘माळेची कार्यक्षमता’ हा शब्दही तुम्हाला भेटेल. वरच्या माळेची ती सुमारे 87 टक्के येते. उरलेले 13 टक्के कुठेही वाया जात नाहीत, ऊर्जेचा इथे संबंधच नाही. एकूण दाबाला चकत्यांची संख्या गुणिले खालच्या चकतीचा दाब यांनी भागलं की तो आकडा मिळतो. वाटणी किती सारखी आहे, एवढंच तो सांगतो.

आता रिंग. धातूचं एक गोल कडं तारेच्या टोकाला जोडतात आणि ते खालच्या चकतीला बाहेरून वेढतं. कडं तारेला जोडलेलं, म्हणून तारेच्याच दाबावर. आता कडं आणि प्रत्येक जोड मिळून आणखी एक बारीक कपॅसिटर होतो, आणि त्यातून जोडाकडे प्रवाह येतो. टॉवरकडे झिरपलेला प्रवाह या बाजूच्या पाटातून भरून निघाला, तर तो खालच्या चकतीतून यायची गरज उरत नाही. चकतीवरचं ओझं हलकं होतं ते असं.

किती प्रवाह भरून काढावा लागतो, हेही आपल्या तीन चकत्यांवर पाहता येईल. वाटणी समान हवी म्हणजे प्रत्येकीवर 6.35 केव्ही. खालचा जोड टॉवरपेक्षा 12.7 ने वर आणि तारेपेक्षा 6.35 ने खाली. झिरपणाऱ्या वाटेवर दाब दुप्पट असल्यामुळे कड्याकडून येणाऱ्या वाटेची धारिता दुप्पट लागते, म्हणजे चकतीच्या 0.2 पट. वरच्या जोडाचं उलट आहे. तिथे टॉवरकडचा दाब 6.35 आणि तारेकडचा 12.7, त्यामुळे 0.05 पट पुरते. खालच्या जोडाला वरच्याच्या चौपट मदत हवी. म्हणूनच कडं खाली बसवतात : ज्या जोडाला मदत जास्त हवी त्याच्या ते आपसूक जवळ येतं आणि वर जावं तसा त्याचा प्रभाव कमी होत जातो. दोन्ही आकडे एकाच कड्यातून नेमके साधत नाहीत, पण तेवढी नेमकी गरजही नसते.

33 केव्हीला प्रत्यक्षात कडं घालत नाहीत, वरचा हिशेब समजण्यापुरता. 400 केव्हीच्या लाइनवर तार आणि जमीन यांच्यात 231 केव्ही असतात आणि लोंबत्या माळेत साधारण 23 चकत्या. तिथे कड्याशिवाय खालच्या दोन-चार चकत्यांचं काही खरं नसतं. दमट रात्री त्यांच्या पिनेपाशी चिरचिर आवाज येतो, निळसर-जांभळा उजेड दिसतो, जवळच्या रेडिओत खरखर येते. कडं फार मोठं करून वर चढवलं तर तेही चालत नाही, कारण कड्यापासून टॉवरपर्यंतचं हवेचं अंतर कमी होतं आणि ठिणगीला जवळची वाट मिळते. चकत्यांवर धूळ किंवा मीठ साचून त्या ओल्या झाल्या, तर दाबाची वाटणी त्या ओल्या थरावरून वाहणारा प्रवाह ठरवतो आणि कड्याचा उपयोग फारसा राहत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका टॉवरखाली उभं राहून मी हा फरक कानांनी ऐकला आहे. शेजारशेजारच्या माळांपैकी एकच चिरचिरत होती. इन्सुलेटर चकत्यांचे नव्हे, पॉलिमरचे होते, म्हणजे आत काचतंतूंचा एकच दांडा आणि वर रबर. दुर्बिणीतून पाहिलं तर त्या एकीवर कडं उलटं बसवलेलं होतं. रबर आणि धातू जिथे मिळतात त्या टोकाला वेढायचं सोडून ते खाली तारेकडे तोंड करून होतं, आणि जिथे दाबाचा चढ सगळ्यात तीव्र, तीच जागा उघडी पडली होती. पॉलिमर इन्सुलेटरमध्ये हे अधिक घातक, कारण सततच्या त्या ठिणग्यांनी रबर झिजतं आणि आतला काचतंतूंचा दांडा उघडा पडला की तो अखेर तुटू शकतो. कडं सुलटं केलं आणि आवाज थांबला.

आता शब्दाकडे येऊ. श्रेणी म्हटलं की आपल्याला अ श्रेणी, ब श्रेणी, परीक्षेतले ग्रेड आठवतात. इथला ‘ग्रेड’ त्या अर्थाचा नाही. हा उताराचा ग्रेड आहे. रस्त्याच्या कामावर ग्रेडर फिरतो तो मुरूम निवडून प्रतवारी लावायला नव्हे, खाचखळगे आणि उंचवटे काढून उतार एकसारखा करायला. तारेपाशी 19 केव्ही आणि टॉवरपाशी शून्य, म्हणजे दाब उतरणार हे ठरलेलंच. कडं नसेल तर तो खालच्या टोकाला कड्यावरून कोसळावा तसा उतरतो आणि पुढे सपाटीला लागतो. कडं असेल तर साधारण सारखा उतरतो. म्हणून ‘सपाटीकरण’ही चालणार नाही, सपाट काहीच होत नाही.

न्हाणीघराची फरशी बसवताना गवंडी जे करतो, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : ढाळ देणे. एका जागी खोल आणि बाकी सपाट फरशी वाईट, भिंतीपासून मोरीपर्यंत एकसारखा ढाळ हवा. पारिभाषिक मराठीत त्याच अर्थाने ‘प्रवणता’ आहे, आणि ‘दाबप्रवणता’ चुकीचं नाही. पण ‘दाबाचा ढाळ’ म्हटलं की विद्यार्थ्याला चित्र दिसतं. माझी सुचवण ‘समढाळ रिंग’. ‘गार्ड रिंग’ हे याच वस्तूचं जुनं नाव, पण त्याचं ‘संरक्षक कडे’ करू नये, वाचणाऱ्याला ते विजेच्या कडाक्यापासून वाचवणारं वाटतं. ते काम मुख्यतः आर्किंग हॉर्नचं, म्हणजे ठिणगी चकत्यांपासून दूर घेणाऱ्या धातूच्या शिंगांचं.

‘रिंग’ मी मुद्दाम ठेवली. वर बोलण्याच्या ओघात ‘कडं’ म्हटलं, पण लेखी ‘कडे’ फार दगा देतं. ‘श्रेणीकरण कडे बसवल्याने’ वाचताना पहिल्यांदा ‘श्रेणीकरणाकडे’ असंच मनात येतं, आणि ‘कड्यावरून’ म्हटलं की डोंगराचा कडा. माझ्याच वरच्या एका वाक्यात ते झालंय, पाहा. ‘वलय’ छान आहे, पण चकतीभोवती दिसणाऱ्या त्या निळसर उजेडालाही आपण वलयच म्हणू. रिंग सगळ्यांना कळते आणि तिला विभक्तीही सहज लागते.

तेव्हा तुमच्या नोट्समधलं वाक्य मी असं लिहीन : ‘समढाळ रिंग बसवल्याने तारेलगतच्या चकतीच्या वाट्याला येणारा दाब कमी होतो.’