चढाच्या सूत्राने 45°, डॉट प्रॉडक्टने 135°: बरोबर कोणता?

प्रश्न: लातूरला अकरावीला आहे. रेषांचे चढ 3 आणि −2. tan च्या सूत्राने कोन 45° येतो, डॉट प्रॉडक्टने 135°. चूक कुठं होतेय?

उत्तर: चूक कुठंच नाही, पण रेषांमधला कोन विचारला असेल तर 45° लिहा. दिशा (1, 3) आणि (1, −2) घेतल्या की गुणाकार 1 − 6 = −5 येतो. लांब्या √10 आणि √5, म्हणून cos θ = −5/√50, साधारण −0.707, म्हणजे 135°. आता दुसरा सदिश उलटा करून (−1, 2) घ्या. रेषा तीच राहते, गुणाकार +5 होतो आणि कोन 45°. शेतात दोन बांध एकमेकांना छेदतात तिथं चार कोपरे होतात, दोन 45° चे, दोन 135° चे. बांधाला दिशा नसते, सदिशाला असते. tan च्या सूत्रातलं |(m₁ − m₂)/(1 + m₁m₂)| हे निरपेक्ष मूल्य लहान कोपराच निवडतं. डॉट प्रॉडक्टमध्येही अंशाला तेच चिन्ह लावा, उत्तरं जुळतील. बारावीच्या तासाला दरवर्षी हीच गल्लत दिसते. मात्र प्रश्न सदिशांमधल्या कोनाचा असेल तर 135° च ठेवा. एखादी रेषा उभी असेल तर तिला चढच नसतो, तिथं थेट डॉट प्रॉडक्टच वापरा.