लग्नपत्रिकेत मराठी-इंग्रजीची दाटी आणि कोपऱ्यात कापलेला मोर: तुमचे प्रश्न

मुलाच्या पत्रिकेचा नमुना पाठवतेय. पाच बाय सात इंचाचं कार्ड आहे, चारी बाजूंनी पैठणीच्या काठासारखी बॉर्डर, वर मराठी आणि खाली तेच सगळं इंग्रजीत. सूनबाईंचं माहेर चेन्नईचं, त्यामुळे इंग्रजी पाहिजेच. दोन्ही ९ पॉइंटमध्येच घेतलंय तरी मराठी बारीक दिसतं आणि कार्ड नुसतं गजबजलेलं वाटतं. काय चुकतंय? (सांगली)

ताई, मी तुमच्या नमुन्यावर चक्क पट्टी ठेवली. कार्ड १२७ बाय १७८ मिलिमीटर. बॉर्डर कडेपासून १८ मिमी आत येते, तिच्यानंतर ४ मिमी सोडून मजकूर सुरू. म्हणजे उभ्यात मजकुराला उरले १३४ मिमी, साधारण ३८० पॉइंट. त्यात मराठीच्या १७ आणि इंग्रजीच्या १३ अशा ३० ओळी, प्रत्येकीला १२ पॉइंट, झाले ३६०, आणि उरलेले २० नावं मोठी करण्यात गेले. एक रेघभरसुद्धा जागा रिकामी नाही, मग गजबज वाटणारच.

मराठी बारीक दिसतं कारण ९ पॉइंट हे अक्षराचं माप नसून अक्षर ज्या चौकटीत बसतं तिचं माप असतं. त्याच चौकटीत देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार बसवायचे असतात, त्यामुळे मधला 'म' किंवा 'न' आपोआप आकसतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तर फारच. इंग्रजीला वरखाली एवढा संसार नाही. म्हणून आकडा बघून जुळवूच नका. इंग्रजी मोठा H, छोटा x आणि शेजारी 'म' असं टाइप करा आणि मराठीची शिरोरेषा H च्या माथ्यापेक्षा जराशी खाली पण x च्या बरीच वर येईपर्यंत साइज बदलत राहा. तुमच्या फॉन्टच्या जोडीत मी करून बघितलं, मराठी ११ आणि इंग्रजी ९ ला दोन्ही एका घरातली वाटायला लागली.

दुसरी गोष्ट ओळींमधलं अंतर. १२ पॉइंटची ओळ इंग्रजीला चालते, पण तुमच्या कार्डात 'मुहूर्तावर' मधला ऊकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर टेकलाय, भिंग न लावता दिसतो. मराठी ११ ची असेल तर ओळ १७ ची घ्या.

आता एवढं सगळं बसणार कसं, तर मजकूर कापून. मराठीतल्या शेवटच्या तीन ओळी पोराटोरांच्या आहेत (आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं वगैरे), त्या मागच्या बाजूला टाका, गोड आहेत, घालवू नका. उरल्या १४. इंग्रजीत मराठीचं शब्दशः भाषांतर नको, 'चि. सौ. कां.' आणि 'श्रीकृपेकरून' चेन्नईच्या लोकांना रोमन लिपीत वाचून काय कळणार? तिथे सहाच ओळी पुरतात: दोघांची नावं एका ओळीत, दोन्हीकडच्या आईवडिलांच्या दोन, तारीख-वेळ, कार्यालय, गाव. बॉर्डर ९ मिमी रुंद करा, कडेपासून ६ मिमी आत सुरू करा आणि तिच्यात नि मजकुरात ६ मिमी सोडा. मजकुराला १३६ मिमी मिळतात, म्हणजे ३८५ पॉइंट. मराठी १४ ओळी गुणिले १७ म्हणजे २३८, नावं मोठी करायला ४०, इंग्रजी सहा गुणिले १२ म्हणजे ७२, एकूण ३५०. राहिले ३५ पॉइंट, सुमारे १२ मिमी, ते सगळेच्या सगळे मराठी आणि इंग्रजीच्या मध्ये मोकळे सोडा. तिथे फूल, स्वस्तिक, वेल काहीही टाकायचं नाही!

इंग्रजी नावं सगळी कॅपिटलमध्ये आहेत ती साधी करा, मराठीत कॅपिटल नसतं म्हणून शेजारी ती ओरडल्यासारखी वाटतात. आणि मराठीत ११ वाजून ५२ मिनिटं देवनागरी आकड्यांत असतील तर तारीखही देवनागरीतच हवी, तुमच्याकडे एकाच ओळीत दोन्ही आलेत.

बॉर्डरचा एक मोर विकत घेतला आणि कॉपी-पेस्ट करून चारी बाजूंना फिरवला. कोपऱ्यात मोर अर्धा कापला जातो आणि खालच्या बाजूचे मोर डोक्यावर उभे राहतात. कोपऱ्यावर फुलं ठेवून झाकू का? (ठाणे)

झाकू नका, कळतं ते. खालचे मोर उलटे झाले कारण तुम्ही चित्र फिरवलंत. खालच्या बाजूलाही मोर सरळच ठेवायचे, तुकडा फिरवायचा नाही.

कोपऱ्याचं गणित मात्र आधी कागदावर करावं लागतं. वरच्या सांगलीच्या कार्डाचंच माप घेऊ. बॉर्डर कडेपासून ६ मिमी आत, म्हणजे तिची बाहेरची चौकट ११५ बाय १६६ मिमी. चारी कोपऱ्यांत ९ मिमीचा चौकोनी वेगळा तुकडा बसवा, एखादं कमळ किंवा कुयरी, जी चारी दिशांनी चालते. मग मधे आडवे उरतात ९७ मिमी आणि उभे १४८. तुमचा मोर १० मिमीचा, आडवे दहा बसवले तर प्रत्येकाला ९.७ मिमी, म्हणजे मोर अगदी किंचित दाबायचा, डोळ्याला कळत नाही. नऊच बसवले तर प्रत्येकाला जवळपास १०.८ येतात आणि मोर जाडा दिसायला लागतो. दहा हा आकडा बराही आहे, कारण पाच डावीकडून आणि पाच उजवीकडून मध्याकडे तोंड करून येतात. सगळे मोर एकाच दिशेला तोंड करून असले की मिरवणूक कार्डाबाहेर निघाल्यासारखी वाटते.

उभ्या बाजूंना मोर ठेवूच नका, एकावर एक उभे केलेले मोर शिडीसारखे दिसतात. तिथे आसावलीची वेल घ्या. तिचा तुकडाही १० मिमीचा धरला तर १४८ मध्ये पंधरा, प्रत्येकी ९.८७. वरचा ९.७ आणि हा ९.८७, दोघांतला फरक कुणाच्या बापाला कळणार नाही.

आणि हे ६ मिमी का, तर कटिंग. गठ्ठा कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतोच. ६ चे ५ आणि ७ झाले तर चालून जातं, पण कडेपासून २ मिमीवर बॉर्डर असेल तर एका बाजूला १ आणि दुसरीकडे ३ उरतात आणि अख्खं कार्ड वाकडं दिसतं. माझ्या मावसबहिणीच्या पत्रिकेत मी हेच केलं होतं, तीनशे कार्डं, प्रेसवाल्याशी भांडायला गेले आणि त्याने माझीच फाइल माझ्यासमोर ठेवली. तुम्हाला बॉर्डर कडेपर्यंतच न्यायची असेल तर मग ती कडेच्या ३ मिमी बाहेर जाऊ द्या, म्हणजे कुठेही कापलं तरी पांढरी रेघ येत नाही.

इलस्ट्रेटरमध्ये मराठी पेस्ट केलं की वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटतात. आणि 'कऱ्हाड' प्रेसमधून 'कर्हाड' होऊन आलं. (पुणे)

पहिलं सोपं आहे. प्रेफरन्सेसमध्ये Type खाली `Show Indic Options` ला टिक करा, मग मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून `Middle Eastern & South Asian Every-line Composer` घ्या, वेलांटी जागेवर येईल.

तरीही नावं बघा एकदा. तुम्ही वधूवरांच्या नावांना अक्षरांतलं अंतर वाढवलंय, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. अंतर शून्य ठेवा, नाव रुंद हवं असेल तर साइज वाढवा. नावाला सोनेरी बाह्यरेषा देणार असाल तर आधी अक्षरांचे आउटलाइन करून पाथफाइंडरमधून युनाइट करा, नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते.

कऱ्हाडचा घोळ वेगळा. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात, तुमचा मजकूर त्यांच्याकडे पेस्ट केला की नुसती चिन्हं दिसतात, मग तो माणूस सगळं परत टाइप करतो आणि त्याच्या बोटाला सवयीचा रफार येतो. म्हणून मजकूर देऊ नका, सगळ्या अक्षरांचे आउटलाइन केलेली पीडीएफ द्या, त्यात टाइप करण्यासारखं काही उरतच नाही. आणि छापायच्या आधी कागदावरचा प्रूफ घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या, 'आशीर्वाद' मधली 'शी' आणि 'मुहूर्त' मधला 'हू' खास बघायला सांगा.

फॉन्ट शोधत असाल तर `Tiro Devanagari Marathi` बघा, फुकट आहे आणि त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल देतात, आजीला ते लगेच खटकतं, फक्त काय खटकतंय ते तिला सांगता येत नाही.

पूर्ण मजकूर सोनेरी फॉइलमध्ये केला तर? (नाशिक)

नको. फॉइल गरम ठशाने दाबतात, त्यामुळे बारीक फटी बुजतात. इंग्रजीत e चं पोट बुजलं तरी वाचता येतं, मराठीत अनुस्वार मात्रेला चिकटला किंवा 'क्ष' चा गोळा झाला की शब्दच गेला. फॉइल नावांना आणि बॉर्डरला ठेवा, बॉर्डरमधली कुठलीही रेघ पाव मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बाकी मजकूर गडद मरून शाईत, एकाच रंगाच्या शाईत. साध्या चाररंगी छपाईत 'सोनेरी' मागाल तर मोहरीचा रंग मिळेल, तेही सांगून ठेवते.

छापील कार्डाचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर चालेल ना? (बेळगाव)

मोबाइलचा पडदा साधारण ६८ मिमी रुंद आणि कार्ड १२७, म्हणजे सगळं जवळपास अर्ध्यावर येतं, ११ पॉइंटचं मराठी ६ चं होतं आणि काकांना चष्म्यातूनही दिसत नाही. मोबाइलसाठी १०८० बाय १९२० पिक्सेलचं वेगळं करा, बाजूच्या बॉर्डर काढून टाका, काठ फक्त वर आणि खाली, मधे नावं, तारीख, वेळ, कार्यालय. इंग्रजी त्यात घालूच नका, तिचं दुसरं चित्र बनवा, चेन्नईच्या ग्रुपवर ते जाईल आणि बेळगावच्या ग्रुपवर हे.