गिव्हअवे लावताय? आधी कॅप्शन नीट लिहा

प्रश्न: मी विश्रामबागला घरून भडंग आणि फराळाचं विकते. दिवाळीआधी इन्स्टावर गिव्हअवे लावायचाय. मागच्या वेळी नुसतं 'लाइक करा, शेअर करा, टॅग करा आणि जिंका' लिहिलेलं, लोकांनी डीएम करून करून डोकं खाल्लं. नेमकं लिहू काय?

ताई, लोकांचं काही चुकलं नाही, कधीपर्यंत, किती जणांना आणि निवडणार कोण हे त्या ओळीत कुठंच नव्हतं, मग ते विचारणारच की. कॅप्शन 2200 अक्षरांपर्यंत जाते पण फीडमध्ये वरच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं, आणि बरेच लोक दाबतच नाहीत. म्हणून बक्षीस आणि शेवटची तारीख पहिल्याच ओळीत. 'आमच्या लाडक्या फॅमिलीसाठी खास सरप्राइज' वगैरे नंतर कुठंतरी टाका, नाही टाकलं तरी चालतंय. तुमच्यासाठी मी अशी लिहिली असती:

"फराळाचा डबा जिंका! एन्ट्री रविवार 25 ऑक्टोबर, रात्री 9 पर्यंत.
बक्षीस: 1 किलो भडंग, अर्धा किलो चकली आणि अर्धा किलो बेदाणे. विजेते 2, प्रत्येकाला एक डबा.
भाग घ्यायला: आमचं अकाउंट फॉलो करा आणि खाली कमेंटमध्ये सांगा, तुमच्या घरी दिवाळीत सगळ्यात आधी कुठला डबा रिकामा होतो. एका माणसाची एकच एन्ट्री धरू. काही विकत घ्यायची गरज नाही.
18 वर्षं पूर्ण झालेल्या आणि सांगली, मिरज, कुपवाडमध्ये राहणाऱ्यांसाठीच. डबा घरपोच, त्याचे पैसे नाहीत.
विजेते चिठ्ठी पद्धतीने, नंबर काढून निवडू. निकाल मंगळवार 27 ऑक्टोबर, रात्री 8 वाजता याच पोस्टवर. विजेत्याने 48 तासांत आम्हाला मेसेज करावा, नाहीतर पुढचा नंबर काढू.
हा गिव्हअवे इन्स्टाग्रामने प्रायोजित केलेला नाही, चालवलेला नाही, त्याला इन्स्टाग्रामचा पाठिंबा नाही आणि त्याचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही. भाग घेणारे हे मान्य करतात की याची कुठलीही जबाबदारी इन्स्टाग्रामवर नाही."

शेवटची दोन वाक्यं कोरडी वाटतात म्हणून लोक उडवतात, तेवढं करू नका. इन्स्टाच्या प्रमोशनच्या नियमात ती लागतातच, आणि कोण भाग घेऊ शकतं ते, म्हणजे वय आणि गाव, हे सांगणंही तिथंच तुमच्यावर टाकलंय. गावाची अट तुमच्या फायद्याची पण आहे बरं का, नाहीतर नंबर निघायचा गुवाहाटीचा आणि कुरिअर डब्यापेक्षा महाग पडायचं.

प्रश्न: साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं केकचं दुकान आहे. 'तीन मित्रांना टॅग करा आणि स्टोरीला शेअर करा' हे सगळेच लिहितात, मग त्यात चूक काय?

दादा, इथं दोन प्लॅटफॉर्म वेगळे धरा. इन्स्टावर कमेंटमध्ये मित्राचं नाव लिहायला लावणं चालतं. तिथं बंदी आहे ती खोट्या टॅगला, म्हणजे फोटो केकचा आणि त्यात जो माणूस नाहीच त्याला किंवा स्वतःला फोटोत टॅग करायला सांगणं. फेसबुकचा नियम याहून कडक आहे, एन्ट्रीसाठी स्वतःच्या किंवा मित्राच्या टाइमलाइनवर शेअर करा, पोस्टमध्ये मित्रांना टॅग करा असं म्हणताच येत नाही.

आणि माणूस फसतो ते असं, इन्स्टावर पोस्ट टाकताना फेसबुकवर पण जाऊ दे हे बटण चालू असतं, तीच कॅप्शन तशीच तिकडं जाते आणि इकडं चालणारी ओळ तिकडं नियम मोडून बसते. ते बटण बंद करा, नाहीतर फेसबुकसाठी 'या पोस्टवर कमेंट करा' एवढीच पायरी ठेवून वेगळी कॅप्शन लिहा, शेवटच्या दोन्ही वाक्यांत इन्स्टाग्रामच्या जागी फेसबुक टाका.

स्टोरीची अट मी तर ठेवतच नाही. स्टोरी 24 तासांत जाते, प्रायव्हेट अकाउंटची तुम्हाला दिसत नाही, मग कुणी केली कुणी नाही हे तपासणार कसं? जी अट तपासता येत नाही ती कॅप्शनमध्ये नको. वाटलंच तर 'आवडलं तर शेअर करा, एन्ट्रीशी संबंध नाही' असं लिहा.

प्रश्न: रविवारी रात्री 12 पर्यंत असं लिहिलेलं. काहींनी शनिवारच्या रात्री 12 धरले, काहींनी रविवारच्या. आता कुणाचं खरं?

दोघांचंही, म्हणून तर 12 लिहायचंच नाही. यावेळी जी तारीख उशिराची ती धरा, म्हणजे कुणाची एन्ट्री बाद होत नाही, आणि तसं कॅप्शन एडिट करून लिहा. पुढच्या वेळी वार, तारीख आणि तुम्ही जागे असाल अशी वेळ द्या, 9 बरी. कारण 9 वाजता दोन कामं तिथल्या तिथं करायची असतात, सगळ्या कमेंट्स खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यायचं आणि पहिल्या ओळीत 'एन्ट्री बंद' टाकायचं. चार दिवसांनी ॲपमध्ये कमेंटखाली नुसतं 4 दिवस असं दिसतं, 8:55 ची कुठली आणि 9:10 ची कुठली हे तुम्हाला मग कळत नाही.

प्रश्न: मिरजेत बुटीक आहे. मागच्या वेळी जिंकलेली बाई माझ्या नणंदेची मैत्रीण निघाली आणि लोक म्हणाले सेटिंग आहे. खरंच नंबर काढलेला हो!

विश्वास आहे ताई, पण काढताना कुणी बघितलं नाही ना. एक तर कॅप्शनमध्ये 'घरचे आणि दुकानात काम करणारे भाग घेऊ शकत नाहीत' ही ओळ घाला, नणंदेची मैत्रीण चालेल, नणंद नको. दुसरं, निवड रेकॉर्ड करा. कमेंट करणाऱ्यांची नावं गुगल शीटच्या A कॉलममध्ये उतरवा, एकाने पाच कमेंट केल्या असतील तर B2 मध्ये हे टाकलं की प्रत्येक नाव एकदाच येतं:

```
=UNIQUE(A2:A300)
```

समजा 214 नावं उरली. मग शीटच्या नंबरवर न जाता random.org वर 1 ते 214 घालून नंबर काढा, कारण शीटमधलं `RANDBETWEEN` काहीही टाइप केलं की नवा नंबर देतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये नंबर बदलताना दिसला की परत सेटिंग सेटिंग सुरू. समजा 137 आला, तर यादीतलं 137 वं नाव दाखवा, ते फॉलो करतं का आणि गाव बसतं का बघा, नसेल तर का बाद केलं ते बोलून पुढचा नंबर काढा. हे सगळं एकाच व्हिडिओत, मध्ये कट नको.

आणि निकाल त्याच पोस्टवर लावाच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं ही अनुचित व्यापार प्रथा धरलीय. त्याच यादीत विक्री वाढवायला केलेले ड्रॉ आणि स्पर्धा पण आहेत, त्यामुळे 'हजाराची साडी घ्या आणि ड्रॉमध्ये या' असलं काही तर अजिबात नको, आणि बक्षीस स्कूटीएवढं मोठं असेल तर कॅप्शन आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: निकालानंतर माझ्याच दुकानाच्या नावाने कुणीतरी लोकांना 'तुम्ही जिंकलात, कुरिअरचे 99 रुपये पाठवा' असे मेसेज केले. हे कसं थांबवायचं?

फेक अकाउंट काढणारा तुमच्या कमेंट्समधूनच नावं उचलतो, त्यामुळे पूर्ण थांबणार नाही. पण मेसेजची दिशा उलटी करा, कॅप्शनमध्ये लिहा, 'आम्ही विजेत्याला आधी मेसेज करत नाही, विजेत्यानेच आम्हाला करायचा. पैसे, ओटीपी, बँकेची माहिती कधीच मागत नाही.' फक्त ज्याला तुम्ही फॉलो करत नाही त्याने तुम्हाला केलेला डीएम बऱ्याचदा रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो, म्हणून ते 48 तास रिक्वेस्टही बघत राहा. फेक अकाउंट दिसलं की रिपोर्ट करा आणि त्याचा स्क्रीनशॉट स्टोरीला टाका, ज्यांनी 99 पाठवलेत त्यांना सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करायला सांगा.