टाटा मोटर्सचं विभाजन: अ‍ॅपवरचा तोटा बघून विकायला जाऊ नका

प्रश्न: "सर, २०२२ मध्ये ४५० ने घेतलेले टाटा मोटर्सचे २०० शेअर होते. आता पॅसेंजरवाले तोट्यात दिसतायत, ते विकून लॉस बुक करू का? मिस्टर पुण्यात ट्रकच्या प्लांटला आहेत, त्यांच्या ग्रॅच्युइटीचं काय?"

ताई, लॉस बुक करायचा विचार आधी थांबवा, कारण तो लॉस मुळात नाहीचे. टाटा मोटर्सच्या आता दोन कंपन्या झाल्यात, एक पॅसेंजर गाड्यांची आणि एक ट्रक-बसची, म्हणजे कमर्शियल. १४ ऑक्टोबर २०२५ च्या रेकॉर्ड डेटला ज्याच्याकडे एक शेअर होता त्याला ट्रक-बसच्या नव्या कंपनीचा एक शेअर फुकटात मिळाला असं वाटतं, पण तसं नाही, तुमचेच ४५० रुपये दोन्हीकडे वाटले गेलेत. कंपनीने जाहीर केलेलं प्रमाण पॅसेंजर ६८.८५ टक्के आणि कमर्शियल ३१.१५ टक्के असं आहे, म्हणजे पॅसेंजरवाल्या शेअरची खरेदी साधारण ३१० ला आणि कमर्शियलची १४० ला धरायची. त्या दिवशी पॅसेंजरवाला एनएसईवर ४०० ला उघडला. ब्रोकरने खरेदी अपडेट केली नसेल तर अ‍ॅप तिथे ५० चा तोटा दाखवतं, पण टॅक्सच्या हिशोबाने तो ९० चा फायदा असतो! उलट नवा शेअर १२ नोव्हेंबरला ३३५ ला लिस्ट झाला, तो काही ठिकाणी शून्य खरेदीने दिसतो म्हणून सगळेच ३३५ नफा वाटतात, खरा नफा १९५. दोन्ही मिळून २८५, आणि ७३५ मधून ४५० वजा केले तरी तेवढेच येतात, ताळा जुळतो.

नवा शेअर हातात आला तेव्हा टॅक्स लागत नाही, होल्डिंगचा काळ पण २०२२ पासूनच मोजतात. त्या भावाने दोन्ही विकले असते तरी नफा ५७ हजारच होता, लाँग टर्मला वर्षाला सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, मग दुसरा नफा नसेल तर टॅक्स वाचवायला लॉस हवाय कशाला?

एक घोळ अजून. "टाटा मोटर्स" हे नाव आता ट्रकवाल्या कंपनीकडे गेलंय आणि जुनी कंपनी टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झालीये, जेएलआर म्हणजे जॅग्वार लँड रोव्हर तिच्यात आहे. विकताना कुठला शेअर सिलेक्ट केलाय ते दोनदा बघा.

मिस्टरांचं म्हणाल तर अशा स्कीममध्ये त्या धंद्यातली माणसं, डीलर-व्हेंडरचे करार आणि कर्ज सगळं चालू स्थितीत नव्या कंपनीकडे जातं, राजीनामा देऊन नव्याने जॉइन व्हायचं नसतं, त्यामुळे ग्रॅच्युइटीची सर्व्हिस मूळ जॉइनिंगपासूनच धरतात. तरी एचआरच्या पत्रात जुनी जॉइनिंग डेट आहे का बघा, आणि कंपनी बदलली म्हणून पीएफ काढू नका प्लीज.

मला खरी काळजी दुसरीच आहे, घरचा पगार आणि कमर्शियलचे २०० शेअर आता एकाच धंद्यावर उभे आहेत, आणि ट्रकची विक्री मंदीत पटकन पडते. त्यामुळे कमी करायचेच असतील तर मी आधी कमर्शियलमधले करेन, पॅसेंजरमधले नाही. जेएलआरवर भरवसा नसेल तर तेही विका, पण ३१० ची खरेदी धरून.